३१व्या आठवड्यात जळजळ, कुंथणं, पायात वांब आणि कंबर – हे सगळं एकाच गुंत्यातलं असेल का?

रेवा_३१ (सोमवार, रात्री ११.४०)

पहिलंच बाळंतपण, ३१वा आठवडा चालू आहे. बाळाची वाढ चांगली आहे, रक्तदाब चांगला आहे, हिमोग्लोबिन १०.४ आहे. तपासणीला गेले की सगळे म्हणतात, "शेवटच्या तिमाहीत एवढं होतंच." होत असेल, पण मी तीन आठवडे सलग झोपलेले नाही.

रात्री साडेनऊला जेवते. दहाला लोहाची गोळी घेते आणि ती घेतली की जळजळतं, म्हणून लगेच चघळायची अँटासिडची गोळी घेते. सव्वादहाला आडवी होते. बाराच्या सुमारास आंबट पाणी घशाशी येऊन जाग येते, मग आणखी एक अँटासिड. दिवसभरात मिळून पाच-सहा होतात. दोनच्या पुढे कधीतरी डाव्या नाहीतर उजव्या पोटरीत असा गोळा येतो की ओरडायला होतं. शौचाला तीन-तीन दिवस होत नाही, झाली तर कुंथून. आणि कंबर तर कूस बदलताना धरतेच. कॅल्शियमची गोळी सकाळ-संध्याकाळ चालू आहे.

मला चार तक्रारींसाठी चार औषधं नको आहेत. यातलं काय कशामुळे होतंय ते समजून घ्यायचं आहे.

स्वानंदी (सोमवार, रात्री ११.५८)

अगं, मला सेम होतं दोन्ही वेळा! लोहाची गोळी बंद कर सरळ. पोट दगडासारखं करते ती. मी सातव्या महिन्यात बंद केली आणि आठ दिवसांत पोट साफ. वांब येतात म्हणजे कॅल्शियम कमी पडतंय, ते दोनाचं तीन वेळा कर. जळजळीला पाण्यात चिमूटभर खायचा सोडा, दोन मिनिटांत आराम.

अरविंदकाका (मंगळवार, सकाळी ६.२०)

मला पंधरा वर्षं ॲसिडिटी आहे, त्यामुळे अनुभवाने सांगतो. मी गुडघ्यांसाठी एक गोळी घेतो, तिच्यात वेदनाशामकाबरोबर पोट सांभाळणारं औषधही असतं. तुमची कंबर आणि पोट दोन्ही तक्रारी एकाच गोळीत मिटतील. डॉक्टरांना विचारून बघा.

मंदाकिनी (मंगळवार, सकाळी ७.०५)

मी बावीस वर्षं प्रसूती विभागात परिचारिका होते. रेवाला सविस्तर लिहिणार आहेच, पण आधी काकांसाठी, कारण हे थांबायला नको.

काका, तुमची ती गोळी रेवाने हातातही घ्यायची नाही. सांधेदुखीच्या अशा काही जोडगोळ्यांत पोट सांभाळायला मिसोप्रोस्टॉल घातलेलं असतं. त्याच औषधाने गर्भाशय आकुंचन पावतं, प्रसूती विभागात ते त्याच कामासाठी वापरतात. आणि तिच्यातलं वेदनाशामक, डायक्लोफेनॅक असो की आयब्युप्रोफेन, २० आठवड्यांनंतर डॉक्टरांनी मुद्दाम दिल्याशिवाय घ्यायचं नसतं. बाळाच्या मूत्रपिंडांवर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं. शिवाय शेवटच्या तिमाहीत बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी जन्माआधीच मिटू शकते. तुम्ही आपुलकीने सांगितलंत हे कळतं, पण घरातल्या कोणत्याही गरोदर बाईला ही गोळी देऊ नका.

रेवा, तुझ्या अँटासिडच्या पाकिटावर घटक काय लिहिलेत आणि किती मिलिग्रॅम, ते सांगशील? कॅल्शियमच्या गोळीवरचाही आकडा हवा.

अरविंदकाका (मंगळवार, सकाळी ७.४०)

माझ्या गोळीचं वेष्टन आत्ता चष्मा लावून वाचलं. तेच नाव आहे. माझा सल्ला मागे घेतो. सुनेलाही आजच सांगतो, तिला दिवस गेले आहेत.

रेवा_३१ (मंगळवार, सकाळी ९.१५)

अँटासिडवर कॅल्शियम कार्बोनेट ५०० मि.ग्रॅ. लिहिलंय. कॅल्शियमच्या गोळीवर "मूलद्रव्य कॅल्शियम ५०० मि.ग्रॅ." असं आहे.

मंदाकिनी (मंगळवार, सकाळी १०.५०)

मग तुझा अंदाज बरोबर आहे, यातला बराच गुंता एकच आहे.

मूळ कारण गरोदरपणाचंच. प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे आतल्या अवयवांचे आपोआप चालणारे स्नायू सैलावतात. अन्ननलिका आणि जठर यांच्यामध्ये जी मूठ असते ती सैल पडते, म्हणून आम्ल वर येतं. आतडं संथ होतं, मळ जास्त वेळ रेंगाळतो, त्यातलं पाणी शोषलं जातं आणि तो कडक होतो. त्यात गर्भाशय खालून जठराला ढकलतंय. इथपर्यंत कोणाच्याच हातात नाही.

तुझ्या हातात आहे ते पुढचं. कॅल्शियम कार्बोनेटच्या वजनाचा ४० टक्के भाग खरं कॅल्शियम असतो. म्हणजे तुझ्या एका अँटासिडमधून २०० मि.ग्रॅ., सहामधून १२००. वर दोन गोळ्यांचं १०००. गोळ्यांतूनच २२०० झालं, जेवणातलं वेगळं. मोठ्या माणसाला दिवसाला सगळं मिळून २५०० ही वरची मर्यादा धरतात आणि तू तिच्या अगदी काठावर आहेस. कॅल्शियम कार्बोनेटने पोट बांधलं जातं. म्हणजे जळजळीसाठी घेतलेली गोळी तुझं कुंथणं वाढवतेय.

दुसरी गोष्ट, लोह आणि अँटासिड तू एकत्र घेतेस. अँटासिडमुळे लोह नीट शोषलं जात नाही. जे शोषलं जात नाही ते आतड्यातच राहून त्रास देतं. हिमोग्लोबिन १०.४ आहे, ते वर न येण्याचं हेही एक कारण असू शकेल. तुला लोहाचा त्रास पुरता मिळतोय आणि फायदा अर्धवट.

म्हणून स्वानंदी, लोह बंद करू नकोस असंच मी म्हणेन. तुझं पोट साफ झालं हे खरं असणार, लोहाने बद्धकोष्ठता होतेच. पण रेवाचं हिमोग्लोबिन ११च्या खाली आहे आणि बाळंतपणात रक्त जाणारच आहे. गोळी बंद करण्याऐवजी तिची वेळ हलवायला हवी. आणि खायच्या सोड्यात मीठ खाल्ल्यासारखंच सोडियम शरीरात जातं. अंगात पाणी धरतं, रक्तातला क्षार-आम्लाचा तोलही बिघडू शकतो. गरोदरपणात तो नकोच.

रेवा, तुझ्या डॉक्टरांना हा वेळेचा तक्ता दाखव आणि त्यांनी हो म्हटलं तर बदल. लोह सकाळी अकराच्या सुमारास, नाश्ता होऊन दोन तास झाल्यावर, पाण्याबरोबर. त्याच्या मागे-पुढे तासभर चहा-कॉफी नको. रिकाम्या पोटी मळमळलं तर थोडं काही खाऊन घे. कॅल्शियम दोन्ही जेवणांबरोबर, म्हणजे लोहापासून दोन तास तरी लांब. रात्रीचं जेवण साडेसातला आणि थोडं. अडीच-तीन तास आडवं व्हायचं नाही. तेवढ्याने जमलं नाही तर कॅल्शियमवाल्या अँटासिडऐवजी अल्जिनेटचं पातळ औषध विचार. ते जठरातल्या अन्नावर सायीसारखा थर धरतं, म्हणून जेवणानंतर आणि झोपताना घ्यायचं. त्यातही थोडं सोडियम असतं, रक्तदाब वाढलेला असेल तर आधी सांगायचं.

चिन्मय_क (मंगळवार, दुपारी १.१०)

बायकोला २८वा आठवडा आहे. तीन उशा घेऊन झोपते तरी जळजळतं. उशा वाढवायच्या का?

मंदाकिनी (मंगळवार, दुपारी २.००)

उलट होतं त्याने. उशांमुळे मान आणि कंबर दुमडते, पोटावर दाब येतो आणि आम्ल आणखी वर चढतं. पलंगाच्या डोक्याकडच्या दोन पायांखाली भक्कम लाकडी ठोकळे घाला, सहा इंचांपर्यंत. अख्खा पलंगच उतरता व्हायला हवा. आणि डाव्या कुशीवर झोपू दे. तसं झोपलं की जठर अन्ननलिकेच्या पातळीखाली राहतं.

डॉ_ऋतुजा (मंगळवार, रात्री ९.३०)

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, इथे फक्त वाचत असते. मंदाकिनीताईंचं गणित बरोबर आहे. दोन गोष्टी वाढवते.

एवढं करूनही जळजळ थांबली नाही तर सहन करत बसू नका. फॅमोटिडिन, ओमेप्रॅझोल ही औषधं आम्ही गरोदरपणात देतो, त्यांचा अनुभव बराच मोठा आहे. फक्त स्वतःच्या मनाने चालू करू नका.

दुसरं, प्रत्येक वरच्या पोटातलं दुखणं म्हणजे जळजळ नव्हे. उजव्या बरगड्यांखाली किंवा छातीच्या खळग्यात सतत दुखतंय, सोबत डोकं जोरात दुखतंय, डोळ्यांपुढे चमकतंय, चेहरा-हात एकाएकी सुजलेत, तर ते रक्तदाबाचं दुखणं असू शकतं. अँटासिड घेऊन सकाळपर्यंत थांबू नका, रात्रीच दवाखान्यात या.

मीनल_सा (मंगळवार, रात्री १०.१५)

लोहाबद्दल विचारायचं होतं. माझ्या डॉक्टरांनी एक दिवसाआड दिलंय, बहिणीच्या डॉक्टरांनी रोज. कोण बरोबर?

डॉ_ऋतुजा (मंगळवार, रात्री १०.४०)

दोघेही बरोबर असू शकतात. एक दिवसाआड घेतल्यावर प्रत्येक गोळीतलं लोह जास्त प्रमाणात शोषलं जातं, हे गरोदर नसलेल्या, लोह कमी असलेल्या बायकांत दिसलेलं आहे. गरोदरपणात, त्यातही हिमोग्लोबिन कमी आणि दिवस थोडे उरलेले असताना, बरेच जण रोजच देतात. यावर आमच्यातही एकमत नाही. आकडा आणि आठवडा बघून ठरतं, म्हणून बहिणीची चिठ्ठी तुम्हाला लागू होत नाही.

स्वानंदी (बुधवार, सकाळी ८.००)

ताई, पटलं. पण मग बद्धकोष्ठतेला घ्यायचं काय? मी एरंडेल घ्यायचे.

मंदाकिनी (बुधवार, सकाळी ९.२०)

एरंडेल नको गं. त्याने आतडं जोरात ढवळतं आणि त्याबरोबर गर्भाशयातही कळा सुरू होऊ शकतात. लिक्विड पॅराफिनही नको, जीवनसत्त्वं शोषली जात नाहीत.

आधी पाणी आणि चोथा. पण चोथा एकदम वाढवला आणि पाणी तेवढंच ठेवलं तर पोट आणखी गच्च होतं, हे मी कितीदा पाहिलंय. इसबगोलाचंही तसंच, मोठा पेला भरून पाण्याबरोबर घ्यायचं, वर आणखी पाणी प्यायचं. अगदी झोपायच्या तोंडावर घ्यायचं नाही आणि दोन-तीन दिवस वाट बघायची. एका रात्रीत काही होत नाही म्हणून लोक सोडून देतात. मळ आधीच कडक होऊन बसला असेल तर इसबगोलापेक्षा लॅक्ट्युलोज बरं, ते आतड्यात पाणी ओढून मळ मऊ करतं. पहिले काही दिवस पोटात वारा धरतो, नंतर कमी होतो.

कमोडवर बसताना पायांखाली छोटा स्टूल घे, गुडघे कमरेच्या वर आले पाहिजेत. थोडं पुढे वाकून कोपरं मांड्यांवर टेकायची. श्वास कोंडून जोर लावायचा नाही, तोंडाने हळू सोडायचा. यात औषध काही नाही, पण कुंथणं खूप कमी होतं आणि मूळव्याधही टळते.

लोहामुळे शौच काळपट होते, त्याला घाबरायचं नाही. डांबरासारखी चिकट, घाण वास येणारी झाली किंवा लाल रक्त दिसलं तर मात्र दाखवायचं.

चिन्मय_क (बुधवार, रात्री ११.५०)

वांब येतो तेव्हा मी पोटरी जोरजोरात चोळून देतो. बरोबर करतोय ना?

गार्गी_प (गुरुवार, सकाळी ७.३०)

चिन्मय, चोळण्याआधी दोन्ही पोटऱ्या शेजारी ठेवून बघा. मला ३३व्या आठवड्यात डाव्या पायात "वांब" आला होता. आईने तेल लावून चोळला. दोन दिवस दुखतच राहिला, चालताना जास्त, आणि पाय उजव्यापेक्षा जाड आणि गरम लागायला लागला. शिरेत रक्ताची गाठ होती. रक्त पातळ करणारी इंजेक्शनं बाळंतपणापर्यंत आणि नंतरही काही आठवडे घ्यावी लागली. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की अशा पायाला चोळायचं नसतं, गाठ सुटून फुप्फुसात जाऊ शकते. आम्हाला कोणीच आधी सांगितलं नव्हतं.

मंदाकिनी (गुरुवार, सकाळी ८.४५)

गार्गी, हे लिहिलंस ते फार बरं केलंस. गरोदरपणात गाठ बहुतेक डाव्याच पायात होते, कारण डाव्या पायाकडून येणारी मोठी शीर ओटीपोटात उजवीकडच्या धमनीखाली दबलेली असते.

फरक असा धरायचा: वांब काही सेकंद, फार तर काही मिनिटं राहतो, स्नायू हाताला दगडासारखा लागतो, ताणला की सुटतो. मागे थोडं ठणकणं राहतं, पण सूज नाही. एकाच पायाला सूज, उष्णता, लाली आणि न थांबणारं दुखणं असेल तर चोळायचं नाही, त्याच दिवशी दाखवायचं. सोबत धाप लागली किंवा छातीत दुखलं तर एक मिनिटही थांबायचं नाही.

साध्या वांबाला चोळण्यापेक्षा ताण देणं चांगलं. गुडघा सरळ ठेवायचा आणि पावलाची बोटं हळूहळू नडगीकडे ओढायची. पोट मोठं असताना तिचा हात पोचत नाही, तिथे चिन्मय तुमचं काम. टाच तळहातात धरा आणि पाऊल तिच्या दिशेने दाबा, झटका न देता. अंथरुणात अंग ताणताना बोटं पुढे लांब करायची सवय असते ना, तिनेच कितीदा वांब सुरू होतो. झोपायच्या आधी भिंतीला हात टेकून, एक पाय मागे, मागची टाच जमिनीला चिकटलेली, असं अर्धा मिनिट धरायचं. प्रत्येक पायाला तीनदा.

मीनल_सा (गुरुवार, दुपारी १२.००)

मॅग्नेशियमने माझे वांब थांबले. सगळ्यांनी घ्यावं असं माझं मत.

डॉ_ऋतुजा (गुरुवार, रात्री १०.००)

तुम्हाला गुण आला हे मी नाकारत नाही. पण आजवरचे अभ्यास तपासले तर काहींत फायदा दिसतो, काहींत साधी साखरेची गोळी घेणाऱ्यांइतकाच फरक पडतो. कॅल्शियमचंही तसंच. म्हणून मी ते सरसकट देत नाही, कोणी मागितलं आणि मूत्रपिंडं चांगली असतील तर काही आठवडे देऊन बघते. पोट थोडं सैल होतं, ते कुणाकुणाला बरंच वाटतं. वांबावरचं जुनं औषध क्विनीन मात्र कोणी सुचवलं तर घेऊ नका.

मीनल_सा (गुरुवार, रात्री १०.२०)

मी तरी घेत राहणार. बंद केलं की दोन रात्रींत परत येतात.

रेवा_३१ (पुढचा सोमवार, सकाळी १०.३०)

डॉक्टरांनी तक्ता मान्य केला. अँटासिड बदललं, लॅक्ट्युलोज १५ मि.ली. दोनदा दिलं. पलंगाखाली ठोकळे घातले. चौथ्या रात्री पहिल्यांदा बाराला जाग आली नाही. शौच तिसऱ्या दिवशी सुटली, आता रोज नाही पण एक दिवसाआड विनासायास होते. वांब आठवड्यात दोनदाच आला. कंबरेत मात्र काहीच फरक नाही. दुखायची जागा कमरेच्या खाली, बसायच्या हाडाच्या वर, दोन्ही बाजूंना खळ्या असतात ना तिथे. कूस बदलताना, जिना चढताना, एका पायावर उभं राहून सलवार घालताना कळ जाते. वेदनाशामक मलम लावलं तर चालेल ना? ते पोटात जात नाही.

मंदाकिनी (सोमवार, सकाळी ११.४०)

मलम कातडीतून थोडं रक्तात जातंच. डायक्लोफेनॅकचं असेल तर नको. गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून पाठीवर दहा-पंधरा मिनिटं चालेल, पोटावर नाही. फारच दुखलं तर डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल, कमीत कमी दिवस.

तू सांगतेस ती जागा कंबरेच्या मणक्याची नाही, माकडहाडाच्या वरचे ओटीकटीचे सांधे आहेत ते. दोन पायांवर वेगवेगळा भार आला की तिथे कळ जाते, म्हणून सलवार घालताना दुखतं. कपडे बसून घाल. जिना एकेक पायरी, दोन्ही पाय एका पायरीवर आणून. कूस बदलताना गुडघे वाकवून एकमेकांना चिकटव आणि खांदे, कंबर, गुडघे एकदम फिरव, लाकडाचा ओंडका लोळतो तसं. झोपताना गुडघ्यांपासून घोट्यांपर्यंत उशी हवी, नुसती गुडघ्यांत नको. पट्टा बांधायचा तर पोटावर नाही, नितंबांभोवती खालच्या बाजूला. फिजिओथेरपिस्टकडून एकदा बसवून घे, चुकीचा बांधला तर नुसता रुततो.

रेवा_३१ (बुधवार, रात्री ८.५५)

संध्याकाळपासून कंबर वेगळी दुखतेय. थोडा वेळ दुखतं, थांबतं, परत येतं. दहा-बारा मिनिटांनी. हलल्याने फरक पडत नाही. परत पोट साफ नाही म्हणून असेल का? लघवीलाही सारखं जावंसं वाटतंय.

मंदाकिनी (बुधवार, रात्री ८.५९)

इथे वाट बघू नकोस. दवाखान्यात फोन कर आणि निघ. येऊन-जाऊन ठरावीक अंतराने दुखणं ३७ आठवड्यांच्या आधी असेल तर ते सांध्याचं धरायचं नाही. पोट कडक होतंय का, पाणी जातंय का, बाळ हलतंय का हे वाटेत बघ आणि तिथे सांग.

गार्गी_प (बुधवार, रात्री ९.०४)

रेवा, जाच.

रेवा_३१ (शुक्रवार, सायंकाळी ५.१०)

घरी आले. कळाच होत्या, पण गर्भाशयाचं तोंड बंद होतं. लघवीत जंतुसंसर्ग निघाला आणि त्यानेच गर्भाशय चाळवलं, असं डॉक्टर म्हणाल्या. गरोदरपणात चालणारी प्रतिजैविकं चालू केली, रात्रभर लक्ष ठेवलं, पहाटे कळा थांबल्या. सात दिवसांनी लघवी परत तपासायची आहे.

जुनी कंबरदुखी आहे तशीच आहे, पण आता दोन्हींतला फरक अंगाला कळलाय. ती हलले की दुखते. ही मी निपचित पडले होते तरी येत होती.

अरविंदकाका (शुक्रवार, सायंकाळी ६.३०)

सून पण रोज वाचतेय हा धागा. तिची लोहाची गोळी दुधाबरोबर चालू होती, ती आता अकराला पाण्याबरोबर करायची का, ते उद्याच्या तपासणीत विचारणार आहे.